नळ नऊ, पाणी निरंक

माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समस्त कार्यकारिणी यांस,
सातव्या मजल्यावरील सदनिका क्रमांक 701 मधून सविनय नमस्कार.

सर्वप्रथम आपले अभिनंदन. खडकवासला साखळीतली चारही धरणे भरली, मुठेत पाणी सोडले, पूल पाण्याखाली गेल्याचे फोटो आपणच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेत आणि त्याच सकाळी आमच्या नळातून फक्त ‘फुस्स’ असा आवाज आला. निसर्गावर एवढा ताबा फार थोड्या कमिट्यांना मिळतो.

मेंटेनन्सचे बिल मात्र नियमित येते, त्याबद्दल तक्रार नाही. आदर्श उपविधींप्रमाणे पाणीपट्टी घरातल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर आकारली जाते, नळातून काय येते यावर नाही. आमच्याकडे नळ नऊ आहेत. नऊही चकचकीत आहेत, कारण ते भिजत नाहीत. आकारणी अगदी बरोबर आहे.

गेल्या चार महिन्यांत आपण या प्रश्नावर तीन उपाय केलेत. पहिला, लिफ्टमध्ये ‘पाणी जपून वापरा’ अशी पाटी. ती आम्ही रोज सात मजले वाचत येतो. दुसरा, टँकर. तो खालच्या टाकीत ओतला गेला आणि वरची टाकी काठोकाठ भरली. ती त्याआधीही काठोकाठच होती. तिसरा आणि सर्वांत थोर उपाय म्हणजे नवी, मोठी मोटर. तिचा नारळ फोडायला मीही हजर होतो, पेढा मिळाला. पूर्वी टाकी भरायला सव्वा तास लागायचा, आता चाळीस मिनिटे लागतात. पण मोटरीचे काम पाणी टाकीत चढवण्याचे. टाकीतून आमच्या बाथरूमपर्यंत ते स्वतःच्या वजनाने उतरते, तिथे मोटरीचा काडीमात्र संबंध नाही. भांड्यात दूध आहे पण गाळणी चोंदली आहे, म्हणून आपण दुसरी म्हैस आणलीत.

वार्षिक सभेत मी हे बोललो तेव्हा सचिवसाहेब म्हणाले, “काका, वरच्या मजल्यावर प्रेशर कमी असणारच. फ्लॅट घेताना व्ह्यू बघितलात ना?” सभा हसली. मीही हसलो. घरी येऊन बादली आणि घड्याळ काढले.

सचिवसाहेबांचे निम्मे म्हणणे खरे आहे, ते आधी मान्य करतो. दहा मीटर उंचीवरचे पाणी साधारण एक बार, म्हणजे प्लंबरच्या भाषेत एक किलो, प्रेशर देते. टाकीतली पाण्याची पातळी आमच्या बाथरूमच्या नळापासून जेमतेम पाच मीटर वर आहे. सचिवसाहेब राहतात 201 मध्ये, आमच्याच लाइनवर, पाच मजले खाली. त्यांच्या नळावर वीस मीटरचे पाणी उभे असते, आमच्या चौपट. उंची चौपट झाली तरी धार चौपट होत नाही, साधारण दुप्पट होते. तेव्हा त्यांची बादली आमच्या निम्म्या वेळात भरावी, एवढा अन्याय देवानेच केलेला आहे आणि तो आम्हांला मंजूर आहे.

आता मोजमाप. दुपारी तीन वाजता, सगळी बिल्डिंग झोपलेली असताना, वीस लिटरची बादली 201 मध्ये सत्तर सेकंदांत भरली. (वहिनींनी मोजू दिले, त्यांचे आभार. साहेब झोपले होते.) तीच बादली आमच्याकडे दोन मिनिटे वीस सेकंदांत भरली. बरोबर दुप्पट वेळ. इथवर उंचीचा दोष. मग सकाळी साडेसातला पुन्हा बादली लावली. अकरा मिनिटे लागली, आणि शेवटची दोन मिनिटे नळ नुसता खोकत होता.

बिल्डिंगची उंची दुपारी कमी आणि सकाळी जास्त होत नाही, एवढे तरी कार्यकारिणीने ठरावाने मान्य करावे. एकट्याने नळ सोडला तर पाणी नीट येते आणि सगळ्यांनी सोडला की वरच्याचे बंद होते. असे झाले की समजावे, दोष उंचीचा नाही, सगळ्यांच्या वाटेवरच्या एका अरुंद जागेचा आहे. त्या जागेतून जेवढे पाणी निघते ते खालचे सहा मजले ओढून घेतात. उभ्या पाइपातली पातळी आमच्या नळाच्या खाली जाते आणि आम्ही कोरडे राहतो, टाकी डोक्यावर तुडुंब असताना.

ती जागा शोधायला फार लांब जावे लागले नाही. एप्रिलमध्ये आपण गच्चीचे वॉटरप्रूफिंग करवून घेतलेत. तेव्हा ठेकेदाराने टाकीपासून डक्टपर्यंतचा आमच्या लाइनचा जुना दोन इंची लोखंडी पाइप काढला आणि त्या जागी, हाताशी होता म्हणून, एक इंची प्लॅस्टिकचा टाकला. दोन्ही टोकांना रिड्युसर लावून. दोनाचा एक केला म्हणजे निम्मे झाले असे वाटते. पण पाणी पाइपाच्या रुंदीतून जात नाही, भोकातून जाते. व्यास निम्मा झाला की भोक पावच उरते, वर कडेचे घर्षण वाढते ते वेगळे. म्हणजे सात घरांच्या सकाळच्या आंघोळी आपण चवन्नीत बसवल्यात.

त्याच ठेकेदाराची दुसरी करामत गच्चीवर उभी आहे. आमची लाइन जिथे डक्टमध्ये उतरते तिथून एक पाइप सरळ वर आकाशाकडे जातो. तो हवेचा पाइप, म्हणजे व्हेंट. तो शोभेचा नाही. लाइनीत अडकलेली हवा त्यातून बाहेर पडते, आणि खाली पाणी ओढले गेले की बाहेरची हवा त्यातूनच आत येते. त्याचे तोंड टाकीच्या ओव्हरफ्लोपेक्षा वर असावे लागते. ठेकेदाराने काम करताना तो मध्येच कापला. तोंड खाली आले, टाकी भरली की त्यातून पाणी सांडू लागले आणि नवा कोबा भिजू लागला. मग त्याने दहा-वीस रुपयांची एंड कॅप आणून त्याचे तोंड बंद केले. कोबा कोरडा राहिला. आम्हीही.

सकाळी नऊनंतर खालचे नळ बंद होतात, तरी आमच्याकडे अकरा-साडेअकरापर्यंत पाणी नसते, याचे कारण ही टोपी. नवा पाइप एका तुळईवरून उंटासारखी पाठ काढून गेला आहे. लाइनीत शिरलेली हवा त्या उंचवट्यात जाऊन बसते आणि पाणी अडवते. वीस मीटरचे प्रेशर असते तर हवेला ढकलून दिले असते. तिथे टाकीची पातळी वीतभर वर, ती काय ढकलणार? मी स्वखर्चाने बोलावलेल्या प्लंबरने टाकीत डोकावून पाहिले, पाइपावर बोटाने टकटक केले आणि म्हणाला, “काका, टाकीत पाणी आहे, लाइनीत हवा धरलीय.” टोपी फिरवली, सुस्कारा सुटावा तसा आवाज झाला, आणि मिनिटभरात खालून घरच्यांची हाक आली, “आलं!” दोन दिवस आम्ही माणसांसारखे राहिलो. तिसऱ्या दिवशी गच्ची ओली दिसली म्हणून आपण वॉचमनकरवी टोपी परत बसवलीत. तत्परतेबद्दल आभार.

इथपर्यंत हे पत्र एका सातव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याची कुरकुर म्हणून फाइलला लावता आले असते. पुढचा मजकूर मात्र सचिवसाहेबांनी चहा पिऊन झाल्यावर वाचावा.

गेल्या मंगळवारी आमच्या मावशींनी फरशी पुसायची बादली नळाखाली ठेवली. नळाला रबरी नळी, नळीचे टोक बादलीत. आत फिनेल घातलेले आदल्या दिवशीचे थोडे पाणी होतेच. नळ सोडला, पाणी आले नाही, तशाच झाडू मारायला गेल्या. परत येऊन म्हणाल्या, “काका, बादलीतलं पाणी कुणी प्यायलं?” पाणी चार बोटे उतरले होते. बादली गळकी नव्हती, फरशी कोरडी होती. नळीचे टोक बाहेर काढून मी त्याला तळहात लावला, तर हात चिकटला. नळ पाणी देत नव्हता, ओढत होता.

खालचे सहा मजले पाणी ओढतात, वरून अरुंद पाइप ते पुरवू शकत नाही, आणि हवेचा पाइप बंद. मग लाइन कुठून तरी भरपाई करतेच. सर्वांत वरचा उघडा नळ म्हणजे आमचा. बहुतेक दिवशी ती हवा ओढते, त्या दिवशी बादली मिळाली. ते चार बोटे फिनेलचे पाणी 601 पासून 201 पर्यंत नेमके कोणाच्या वाट्याला आले ते सांगता येणार नाही. सकाळचे पावणेआठ वाजले होते. ती दात घासायची वेळ. आमच्या घरी त्या दिवसापासून नळाला नळी लावत नाही. बाकीच्यांनी काय करायचे ते आपण पाटीवर लिहावे.

एक विनंती 601 च्या शेजाऱ्यांना. त्यांनी कंटाळून बाथरूममध्ये छोटा प्रेशर पंप थेट लाइनवर बसवला आहे. त्यांची तगमग मला कळते, पण तो पंप पाणी निर्माण करत नाही, आमच्याकडून जास्त जोराने ओढतो. तो कृपया बंद ठेवावा.

आता मागणी. दुसरी मोटर नको, टँकर नको. टाकीपासून डक्टपर्यंतचा पंधरा फुटांचा तुकडा पूर्ववत दोन इंची करावा आणि तुळईवरून न नेता बाजूने, डक्टकडे उतार देऊन न्यावा. हवेचा पाइप ओव्हरफ्लोच्या वर हातभर वाढवून त्याचे तोंड खाली वाकवावे आणि जाळी लावावी, म्हणजे पाणीही सांडणार नाही आणि कबुतरेही शिरणार नाहीत. दोन्ही कामे करावीत. नुसती टोपी काढली तर ओढणे थांबेल, पण साडेसातची बादली अकरा मिनिटांवरच राहील. नुसता पाइप मोठा केला तर हवा पुन्हा कधी तरी धरणारच. एवढे होऊनही शॉवर मवाळच राहील, कारण शॉवर नळापेक्षा आणखी सव्वा मीटर वर आहे. तो देवाचा अन्याय, त्याबद्दल आपल्याला पत्र लिहिणार नाही. प्लंबरने सांगितलेला खर्च नव्या मोटरीच्या पूजेला वाटलेल्या पेढ्यांपेक्षा थोडा जास्त आणि मोटरीपेक्षा पुष्कळ कमी आहे. कोटेशन सोबत जोडले आहे.

गच्चीची किल्ली आपल्याकडे असते. येत्या शनिवारी सकाळी साडेसातला ती घेऊन कार्यकारिणीपैकी कोणी तरी वर यावे. येताना पाना आणावा. बादली आणि घड्याळ मी आणतो. चहाही दिला असता, पण त्या वेळी आमच्याकडे पाणी नसते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सदनिका क्रमांक 701
(थकबाकी: निरंक)