नऊ सेंटिमीटरचा घोळ

निवृत्तीनंतर छंद म्हणून घेतलेल्या विणकामाच्या पुस्तकात मुखपृष्ठावरचा स्वेटर सगळ्याजणी पाहतात. आतला नमुन्याचा चौकोन कुणी विणत नाही. पुस्तक 10 सेंटिमीटरला 22 टाके धरते. हात सैल असला की तेवढ्यात 20च बसतात आणि 198 टाक्यांचा, 90 सेंटिमीटर घेराचा स्वेटर 99चा होतो. तो मग यजमानांना भेट म्हणून मिळतो. उपाय म्हणजे सुई एक माप बारीक घेणे. पण हे कळेपर्यंत नाशिकची थंडी संपते.

हातमागाच्या पुस्तकात हा धोका नाही. येवल्याच्या पैठणीचा पारंपरिक माग खड्ड्याचा असतो. विणकराचे पाय आणि पावड्या त्या खड्ड्यात. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तो खणला, तर खालच्यांच्या हॉलमध्ये उघडेल. म्हणून ते पुस्तक कायम कोरेच राहते.