उजेडाचं घर

नोटीस दिली की घर एकदम परकं होतं, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात ते हळूहळू होतं. आधी आपण खिळे ठोकणं थांबवतो, मग बाल्कनीतल्या तुळशीला कुंडी बदलण्याचं आश्वासन देणं बंद करतो, आणि एक दिवस मालकांचा निरोप येतो. आमच्या काकांचा आला तो फार अदबीचा होता. "रविवारी अकराला मुलगा येईल, दोन-चार फोटो आणि छोटासा व्हिडिओ काढेल. चालेल ना? जाहिरात टाकायची आहे." शेवटी हात जोडलेलं चित्र. हात जोडून आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हा कोथरूडच्या हवेतला जुना प्रश्न आहे.

काकांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आम्ही गेल्यावर रंग, साफसफाई, मग फोटो, मग जाहिरात, असा क्रम लावला तर महिना दीड महिना घर रिकामं पडणार. शिवाय रिकामी खोली फोटोत उगीच लहान आणि उदास दिसते. पलंग, पडदा, पुस्तकांचं कपाट असलं की बघणाऱ्याला खोलीचा अंदाज येतो आणि तो मनातल्या मनात आपली उशी तिथे ठेवून पाहतो. म्हणजे आमचं सामान आता त्यांच्या भिंतींसाठी उमेदवारी करणार होतं.

मी करार काढून वाचला. आमचा लिव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचा, आणि या अकराची गंमत अशी की ती सवय वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याची नोंदणी टाळता येत असे त्या काळातली. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार असा करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. कारण गेलं, अकरा राहिले, जसे चुलीबरोबर गेलेल्या धुराचे डाग नव्या ओट्यावरच्या छताला राहतात. करारात एक कलम होतं, पूर्वसूचना देऊन मालक घराची पाहणी करू शकतील. पाहणी. फोटोबद्दल अवाक्षर नाही. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यातही मालकाला घरात यायचं तर चोवीस तास आधी सूचना द्यावी, असं आहे. पण तो नमुना आहे, राज्यानं स्वीकारला तरच लागू. एकंदरीत, पाहून जाणं आणि टिपून नेणं यांच्यात जी जागा राहते ती आमच्या संमतीची होती. ती मी अगदी थोडीशी अडवून धरली.

"या," मी लिहिलं, "पण माणसं, नावं, कागदपत्रं फोटोत नकोत. जाहिरातीत टाकण्याआधी मला दाखवा. फ्रिज आणि पुस्तकांचं कपाट आमचं आहे, हे खाली स्पष्ट लिहा. आणि घर गेलं की फोटो काढून टाका." काकांनी ताबडतोब अंगठा दाखवला. इतका ताबडतोब, की वाचलं असेल का अशी शंका आली.

शनिवारी संध्याकाळी आम्ही घरातून आमची हजेरी पुसायला बसलो. दारावरची पाटी उतरवली. आईंच्या औषधांची टोपली फ्रिजवरून कपाटात गेली, कारण रोजच्या गोळ्यांवरून म्हातारं माणूस घरी असतं हे कुणालाही कळतं. भिंतीवरचं कॅलेंडर खरं धोकादायक निघालं. दूध न आलेल्या दिवसांवर फुल्या, सिलिंडर आल्याची तारीख, एका चौकोनात "आम्ही गावाला", दुसऱ्यात "परत". आमच्या अनुपस्थितीचं वेळापत्रकच की. खिडकीबाहेरचा शाळेचा फलकही फोटोत यायला नको, तो घराचा पत्ता आपण न विचारताच सांगतो. हे सगळं करताना आई म्हणाल्या, "देव मात्र राहू देत. देवाला कुणी ओळखलं तर चालतं."

अकराला मुलगा आला, काकांच्या ओळखीच्या एजंटचा. त्यानं फोन काढला आणि 0.5x वर टाकला, तेव्हा आमचा हॉल एकदम लग्नाला भाड्यानं मिळेल एवढा झाला. या कोनातून भिंती मागे सरकतात, मात्र कडेच्या वस्तू वाकतात. फ्रिज दारात कुणाला तरी नमस्कार करत होता. "ताई, पडदा पूर्ण बाजूला. दिवे सगळे लावा. कमोडचं झाकण बंद." बाथरूममधल्या आरशात स्वतः येऊ नये म्हणून तो उकिडवा बसला, तरी केसांचा एक तुरा राहिलाच. व्हिडिओसाठी तो दारातून पावलं मोजत चालला, भेटवस्तू दाखवावी तसं हा हॉल, हे किचन, असं म्हणत. पूर्वेची बाल्कनी आली तेव्हा उन्हाचा एक पट्टा फरशीवर पडला होता. त्यानं थांबून तो टिपला. आम्ही इतकी वर्षं त्या पट्ट्यात लोणच्याची बरणी ठेवायचो.

बेडरूममध्ये तो जरा डावीकडून फिरला. उजवीकडच्या भिंतीवर ओल आहे, पावसाळ्यात येणारी, दरवर्षी थोडी जास्त दिवस राहणारी, लांबच्या मावशीसारखी. तिला फोटोत जागा नव्हती. तो गेल्यावर मी त्याच खोलीत पुन्हा उभी राहिले आणि उरलेली उजवीकडची बाजू माझ्या फोनवर काढली: ओल, नळाचा गेलेला वॉशर, कपाटाचं सैल बिजागर, तारखेसकट. राहायला आलो तेव्हाही मी फोटो काढले होते, त्यात ओल अंगठ्याएवढी होती. अनामत रकमेचा हिशेब होताना ही जोडीच कामाला येते; पंधरा दिवस आधी सांगितलं की दुरुस्ती कुणाची हे गोडीत ठरतं, किल्ली देताना सांगितलं की वाद होतो. म्हणजे एकाच घराचे त्या दिवशी दोन अल्बम झाले. एकात जे दिसावं ते, दुसऱ्यात जे दिसू नये ते, आणि दोन्ही खरे.

संध्याकाळी जाहिरातीचा मजकूर आला. "प्रशस्त, हवेशीर, भरपूर उजेड." मी वाचला आणि मला थोडा हेवा वाटल्यासारखं झालं. एवढ्या चांगल्या घरात कोण राहत असेल? आई चष्मा सावरत फोटो बघत होत्या. "हे अगदी आपल्या घरासारखं आहे," त्या म्हणाल्या, "फक्त नीटनेटकं."

मीही काकांना माझे फोटो पाठवले, जुने आणि नवे शेजारी शेजारी. बराच वेळ निळ्या खुणा झाल्या नाहीत. मग झाल्या. मग उत्तर आलं, "ही ओल आमच्याच घराची का?" मी "हो काका" लिहिलं. पुन्हा शांतता. मग त्यांनी लिहिलं की प्लंबर बुधवारी येईल, वरच्या मजल्याच्या पाइपचा दोष असावा, तुमच्या अनामतीतून काही धरणार नाही. आणि लगेच, नवी ओळ टाकून: "एक विचारायचं होतं. तीन कुटुंबांनी फोटो बघितले. तिघांनाही पुस्तकांचं कपाट हवंय. विकता का?"