दिल्ली गेटला पाच वेळा माफ

नगरच्या सावेडीत राहणाऱ्या एका निवृत्त गुरुजींचा पेन्शनच्या पैशांवर विश्वास आहे, पैसे देणाऱ्या मशीनवर नाही. माळीवाडा स्टँडवर खिसा कापला जाईल या धास्तीने ते मोठी रक्कम कधी काढत नाहीत. त्यातून त्यांच्या बँकेचं एटीएम बहुतेक वेळा ‘सेवा तात्पुरती बंद’ अशी पाटी घेऊन बसलेलं. मग समोरच्या, परक्या बँकेच्या मशीनचा गारवा खात गुरुजी कार्ड सरकवतात.

आणि आधी शिल्लक बघतात. बँकेचे मेसेज पुण्यात हडपसरला असलेल्या मुलाच्या फोनवर जातात, मशीनमधला स्लिपचा कागद संपलेला असतो, मग आपले पैसे जागेवर आहेत हे कळायचं कसं?

इथे रिझर्व्ह बँकेचा हिशेब सुरू होतो. परक्या बँकेच्या मशीनवर महिन्याला पाच व्यवहार फुकट. मुंबई, नवी दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद या सहा महानगरांत तीनच. खातं कुठल्या गावचं आहे हे कोणी विचारत नाही, मशीन कुठे उभं आहे ते बघतात. म्हणजे नगरच्या दिल्ली गेटजवळ पाच वेळा माफ, खऱ्या दिल्लीत तीन वेळा. नगरकराला दिल्लीपेक्षा जास्त मिळालेली अशी गोष्ट विरळाच.

पण या पाचांत नुसती शिल्लक बघणंही धरलं जातं, हे गुरुजींच्या गावी नव्हतं. आपल्याच बँकेच्या मशीनवर शिल्लक कितीदाही बघा, ती मोजत नाहीत. परक्याच्या मशीनवर मात्र मोजतात, कारण तिथे गुरुजींनी बटण दाबलं की त्यांच्या बँकेला त्या दुसऱ्या बँकेला पैसे मोजावे लागतात. 1 मे 2025 पासून हा दर पैसे काढल्यास 19 रुपये आणि नुसती चौकशी केल्यास 7 रुपये आहे. पहिल्या पाच वेळा ही झळ बँक सोसते. सहाव्या वेळेपासून ती गुरुजींकडे वळते: एका व्यवहाराला जास्तीत जास्त 23 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 27 रुपये 14 पैसे.

आता गेल्या महिन्याचं पासबुक. सुरुवातीला खात्यात 6,520 रुपये. गुरुजींनी शिल्लक बघितली, दोन हजार काढले, खात्री करायला पुन्हा शिल्लक बघितली. मग एकदा पिन चुकला, पण तो मोजला गेला नाही. 2019 च्या परिपत्रकानुसार चुकीचा पिन, मशीनमधली संपलेली रोकड किंवा तांत्रिक बिघाड यामुळे फसलेला व्यवहार व्यवहारच नव्हे. पुढे हजार काढले, परत शिल्लक. झाले पाच. हाती पैसे दोनदाच आले होते.

सहाव्या वेळी आणखी हजार काढले. गुरुजींच्या डोक्यात उरले 2,520, बँकेच्या खात्यात उरले 2,492 रुपये 86 पैसे, कारण शुल्क लगोलग कापलं होतं. दोन दिवसांनी गुरुजींनी ऐटीत 2,500 मागितले. मशीनने नकार दिला. पुरेशी रक्कम नसल्याचा हा नकार परिपत्रकातल्या माफीत बसत नाही. त्यांच्या बँकेच्या दरपत्रकात त्याला 20 रुपये आणि जीएसटी लिहिलेला. गेले 23 रुपये 60 पैसे. सात रुपये कमी पडल्याचा हा दंड!

पैसे गेले कुठे हे बघायला गुरुजींनी तिथेच शिल्लक बघितली. त्याचे 11 रुपये आणि जीएसटी, म्हणजे 12 रुपये 98 पैसे. एकूण 63 रुपये 72 पैसे.

याच जिल्ह्यात शनिशिंगणापूरला 2011 मध्ये युको बँकेने कुलूप नसलेली शाखा उघडली होती. तक्रार करायला आपल्या बँकेत गेलेल्या गुरुजींनी काउंटरवर तिचा दाखला दिला, तेव्हा तिथल्या बाईंनी शांतपणे दरपत्रकाकडे बोट दाखवलं.

रात्री मुलाचा फोन आला. ‘‘अण्णा, दिवसभर मेसेज येतायत मला. शिल्लक मला विचारायची ना!’’

‘‘तुला विचारली की तू विचारतोस, कशाला काढले?’’ अण्णा म्हणाले.

शेवटी मुलाने अर्ज भरून गुरुजींचा स्वतःचा नंबर खात्याला जोडून दिला. आठवडाभरात त्यांच्या फोनवर पहिला मेसेज वाजला. चष्मा लावून गुरुजींनी तो मोठ्याने वाचला: एसएमएस सेवेच्या तिमाही शुल्कापोटी खात्यातून 17 रुपये 70 पैसे वजा.