मौजेचे मुकादम

प्रत्येक कचेरीत, मग ती फोर्टातील दगडी इमारतीत असो की ऐरोलीच्या काचेच्या मनोऱ्यात, एक गृहस्थ असा असतो की ज्याच्या नेमणुकीचा हुकूम कोणी काढलेला नसतो, ज्याच्या कामगिरीची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही, आणि तरीही ज्याचा अंमल प्रत्यक्ष साहेबांच्या अंमलाहून अधिक काटेकोरपणे चालतो. दिवसभर हा गृहस्थ इतरांसारखाच संगणकासमोर बसून असतो. परंतु घड्याळाचा काटा साडेपाचाकडे झुकला, आणि डोंबिवली-बदलापूरकडील मंडळी डब्याच्या पिशव्या आवरू लागली, की त्याच्या ठायी एक विलक्षण चैतन्य संचरते व तो दाराशी जाऊन उभा राहतो. आमच्या कचेरीत आम्ही यांना आपसांत 'मुकादम' म्हणतो. मजुरांची हजेरी घेणे हे मुकादमाचे काम. हे मौजेची हजेरी घेतात, एवढाच काय तो फरक.

मुकादमांचा स्वभाव वाईट आहे असे त्यांचा शत्रूही म्हणणार नाही. कोणाच्या मुलीचे लग्न असो वा कोणाला रक्त हवे असो, धावून जाणाऱ्यांत ते पहिले असतात. गिरगावात त्यांचे बिऱ्हाड असून कचेरीतून तेथे पायी पोहोचण्यास त्यांना अर्धा तासही लागत नाही. त्यामुळे सायंकाळ ही वस्तू त्यांच्याजवळ मुबलक आहे, आणि ज्याच्याजवळ जे मुबलक असते ते इतरांजवळही तितकेच असणार, अशी त्यांची उदार समजूत आहे. एखाद्याला घरी जावेसे वाटते याचा अर्थ त्यांच्या मते दोनच: एक तर तो सहकाऱ्यांवर रुसला आहे, नाही तर घरच्यांना भितो. घरी जाणे ही स्वतंत्र, निरोगी आणि आनंददायक इच्छा असू शकते, ही शक्यता त्यांच्या मनास कधी शिवलेली नाही.

त्यांच्या कार्यपद्धतीचा पहिला टप्पा म्हणजे व्हॉट्सॲपवरील मतदान. 'शुक्रवारी बसायचे' अशी घोषणा होते व तिच्याखाली तीन पर्याय प्रसिद्ध होतात: 'येणार', 'नक्की येणार' आणि 'थोडा उशिरा येणार'. ज्याने मत दिले नाही त्याचे मौन हे संमतीचे लक्षण मानून त्याचे नाव यादीत दाखल होते. दुसरा टप्पा प्रत्यक्ष भेटीचा. मुकादम टेबलाच्या कडेवर बसतात, आवाज खाली आणतात, आणि म्हणतात, "काय हो, घरी तर रोजच जाता की!" या वाक्यास उत्तर नाही, कारण ते शब्दशः सत्य आहे. तिसरा टप्पा लोकलज्जेचा: "साहेब स्वतः येणार आहेत, आणि तुम्ही नाही?" आणि याच सुमारास साहेबांच्या दालनात जाऊन, "सगळा स्टाफ येतोय साहेब, तुम्ही नाही आलात तर त्यांचं मन मोडेल," असे सांगण्यासही ते विसरत नाहीत.

येथे एक न्यायतत्त्व लक्षात घेण्यासारखे आहे. जो येतो त्याला कारण विचारले जात नाही. जो येत नाही त्याच्यावर मात्र पुराव्याची संपूर्ण जबाबदारी येऊन पडते. 'मला घरी जावेसे वाटते' ही सबब मुकादमांच्या दरबारी दाखलच करून घेत नाहीत. पाळणाघर साडेसातला बंद होते ही सबब ग्राह्य. तीही केवळ मातांकडून, पित्यांकडून नव्हे. उपवासाची सबब पूर्वी चालत असे. परंतु त्यावर मुकादमांनी साबुदाणा वड्याचा तोडगा काढला व पुढे तर पंचांगच जवळ बाळगण्यास प्रारंभ केला. आता संकष्टी टाळूनच तारीख ठरते. आषाढ अमावास्येच्या आदल्या आठवड्यात, म्हणजे गटारीच्या मुहूर्तावर, त्यांच्या कर्तृत्वास भरती येते. आणि श्रावण लागला, आता महिनाभर तरी सुटलो, असा निःश्वास मंडळींनी टाकावा, तो 'वर्षासहल' या शीर्षकाचा नवा संदेश येऊन थडकतो.

आमच्या लेखाशाखेतील बदलापूरकर हे या व्यवस्थेतील सर्वांत सोशिक रयत. त्यांची एक गोष्ट तपशिलाने सांगण्याजोगी आहे. त्या शुक्रवारी फोर्टातील एका परमिट रूममध्ये आम्ही चौदाजण जमलो होतो. बदलापूरकर मद्य घेत नाहीत व मांसाहारही करीत नाहीत. त्यांनी एक फ्रेश लाइम सोडा घेतला, मसाला पापडाचा एक कोपरा मोडला, आणि उरलेला वेळ भिंतीवरील घड्याळाकडे, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, पाहण्यात घालविला. अखेरीस बिले आली. बिले म्हणण्याचे कारण असे की, महाराष्ट्रात अशा ठिकाणी ती दोन येतात: खाद्यपदार्थांवर जीएसटी लागतो, मद्यावर तो लागत नसून राज्याचा मूल्यवर्धित कर लागतो, म्हणून दोहोंचे कागद वेगळे. म्हणजे कोण खाण्याचा धनी आणि कोण पिण्याचा, याची वाटणी सरकारने स्वखर्चाने, छापील स्वरूपात, आयतीच करून दिलेली असते. खाण्याचे बिल ८,४०० रुपयांचे होते व पिण्याचे ११,२०० रुपयांचे. मुकादमांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले, बेरीज १९,६०० मांडली, तिला चौदांनी भागिले, आणि प्रसन्न मुद्रेने जाहीर केले, "प्रत्येकी चौदाशे. आपल्यात कसला हिशेब!"

बदलापूरकर हिशेबनीस असल्यामुळे त्यांनी पापडाच्या बशीखालील कागदी रुमालावर खरा हिशेब मांडला व तो मला दाखविला. खाण्याचे माणशी ६०० होत होते. पिणारे नऊजण होते. त्यांनी पिण्याचे बिल आपसांत वाटले असते तर प्रत्येकास सुमारे १,२४४ रुपये अधिक, म्हणजे एकंदर १,८४४ द्यावे लागले असते. त्यांनी दिले १,४००. उरलेले पाचजण सरबते पिऊन प्रत्येकी ८०० रुपये जादा देते झाले, आणि अशा रीतीने ४,००० रुपयांचे अनुदान न पिणाऱ्यांकडून पिणाऱ्यांकडे, कोणताही ठराव मंजूर न होता, वर्ग झाले. "बोला की मग," मी म्हणालो. बदलापूरकरांनी तो रुमाल घडी करून खिशात ठेवला. आठशे रुपये गेल्याचे दुःख विसरता येते. परंतु 'आठशे रुपयांसाठी बोलला' ही ख्याती निवृत्तीपर्यंत पुरते, हे ते जाणून होते.

तोपर्यंत दहा वाजून गेले होते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर अडुसष्ट किलोमीटरांच्या आसपास. जलद गाडी मिळाली तरी सव्वा-दीड तास. ठाण्यापर्यंत गाड्यांची रेलचेल असते. कल्याणच्या पुढे मात्र फलाटावर उभे राहून वाट पाहण्याचा योग वारंवार येतो. घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र, आणि सकाळी पावणेसातला पुन्हा फलाटावर हजर. याहून मोठी हानी अशी की, त्यांची नेहमीची गाडी गेलेली असते, आणि त्या गाडीत त्यांचे खरे मित्रमंडळ आहे. चौथ्या आसनाचा अर्धा भाग त्यांच्यासाठी राखून ठेवणारे, कोणाच्या नातवाच्या बारशाचे पेढे घाटकोपर आणि ठाणे यांच्या दरम्यान वाटणारे, टाळांच्या साथीने भजने म्हणणारे, दसऱ्याच्या सुमारास डब्याला झेंडूच्या माळा बांधून त्याची पूजा करणारे असे ते मंडळ. ज्यांना मुकादम 'माणूसघाणे' म्हणतात, ते बदलापूरकर रोज दीड तास मैफलीत असतात. त्या मैफलीला बोलावणे नसते, आणि ज्याचे स्टेशन येते तो उतरून जातो. त्याला कोणी अडवीत नाही.

श्रावणातील वर्षासहलीसाठी मुकादमांनी कर्जतचे एक रिसॉर्ट मुक्रर केले. निघण्याची वेळ सकाळी साडेसहा, स्थळ कचेरीचे दार. बदलापूरकरांनी नम्रपणे निदर्शनास आणिले की बदलापुराहून वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड आणि मग कर्जत. आपण अर्ध्या-पाऊण तासात परभारे तेथे पोहोचू. मुकादम दुखावले. "अहो, बसमधली मजा हीच तर खरी सहल!" परिणामी बदलापूरकर पहाटे घरून निघाले, कर्जतकडे पाठ करून फोर्टात आले, तेथे टोपी व टी-शर्ट घेऊन बसमध्ये चढले, आणि पनवेल-चौकच्या मार्गाने अंताक्षरी ऐकत कर्जतास गेले. परतीच्या प्रवासात कर्जत स्टेशन समोर दिसत असताना त्यांनी उतरण्याची परवानगी मागितली. परंतु 'सगळे एकत्र आलो, सगळे एकत्र जाणार' हा सिद्धांत आडवा आला, आणि रात्री फोर्टात उतरून त्यांनी पुन्हा बदलापूरची गाडी धरिली.

जेरी हार्वी नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७४ साली आपल्या सासुरवाडीचा एक अनुभव लिहून ठेविला आहे. टेक्ससमधील रणरणत्या उन्हाळ्यात घरची चार माणसे त्रेपन्न मैलांवरील ॲबिलीन गावी केवळ जेवणासाठी गेली, घामाने व धुळीने माखून परत आली, आणि मग उघड झाले की जाण्याची इच्छा चौघांपैकी एकालाही नव्हती. इतरांना हौस आहे असे समजून प्रत्येकाने होकार दिला होता. आमच्या बसमध्येही याची प्रचीती आली. पनवेलच्या अलीकडे, मुकादमांना डुलकी लागल्याची संधी साधून, साहेब माझ्या शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "रविवारी नातीला घेऊन राणीच्या बागेत जायचं होतं हो. पण तुम्हा सगळ्यांचा एवढा उत्साह, नाही कसं म्हणणार?"

माणसांना एकमेकांचा कंटाळा असतो असे मात्र नाही. मागील महिन्यात आमच्या वयोवृद्ध शिपाईकाकांचा निरोपाचा चहा दुपारी चार वाजता, कचेरीच्या वेळेत, कचेरीतच झाला. बटाटेवडे होते. काकांनी जुन्या साहेबांच्या नकला केल्या, बदलापूरकरांनी कोणी न सांगता एक अभंग म्हटला, साहेब खुर्ची सोडून खिडकीच्या कट्ट्यावर बसले, आणि पाऊण तासात इतका हशा झाला की वर्षभराच्या पार्ट्यांत मिळून झाला नसेल. साडेपाचला सर्वजण आपापल्या गाडीने घरी गेले. मुकादम हे सारे कोपऱ्यात उभे राहून अत्यंत विचारमग्न मुद्रेने न्याहाळीत होते. मंडळींना नेमके काय आवडते याचा शोध त्यांना अखेर लागला, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. रात्री संदेश आला: 'चहा सर्वांना फार आवडला असे दिसून आल्यामुळे यापुढे दर शुक्रवारी "चहासंध्या" आयोजित करण्यात येत आहे. वेळ सायंकाळी साडेसहा ते साडेनऊ. वर्गणी तीनशे. उपस्थिती अनिवार्य.'