चार किलोचा एक किलो

भाद्रपदात ऋषिपंचमीला गणपतीचा रथ ओढायला म्हणून मी तासगावला येतो आणि दुसऱ्या दिवशी परततो, हे गल्लीला पाठ आहे. त्यामुळे यंदा मार्चात मी दोन बॅगा आणि एक कुंडी घेऊन एसटीतून उतरलो, तेव्हा कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांनी फक्त कुंडीकडे पाहिलं. ऑफिसच्या टेबलावरचं मनीप्लांट माणूस उगाच गावी आणत नाही.

बावीस वर्षं चाकणच्या बाजूला पत्र्याचे सुटे भाग दाबणाऱ्या कारखान्यांत काढली. शेवटच्या कारखान्यात ‘पुनर्रचना’ झाली. तक्त्यातल्या ज्या चौकटीत मी बसत होतो, ती चौकटच पुसली गेली. वय सेहेचाळीस. या वयात स्थळ येत नाही आणि नोकरीही येत नाही, फक्त विमा एजंट येतात.

पुण्याच्या मेहुण्याने फोनवर बजावलं, “दाजी, आधी लिंक्डइनचं प्रोफाइल नीट करा.” उघडून पाहिलं तर शेवटचा हात 2014 साली फिरवलेला. फोटोत मी लग्नाच्या मांडवात, आणि खांद्यावर कापलेल्या कुणाची तरी चार बोटं. मथळा होता, ‘रिझल्ट-ओरिएंटेड प्रोफेशनल’. त्याखाली ‘उत्पादन नियोजनाची जबाबदारी’, ‘टीमशी समन्वय’, ‘वरिष्ठांनी सांगितलेली इतर कामे’.

मी ते आबांना वाचून दाखवलं. आबा शेडवरून आले होते, हाताला डिपिंग ऑइलचा वास. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ह्यात द्राक्ष किती आणि पाणी किती?”

बेदाणा करणाऱ्या माणसाचा हा साधा हिशेब असतो. चार किलो द्राक्षं जाळीवर टाकली की दोन आठवड्यांत साधारण किलोभर बेदाणा हाताला लागतो, बाकीचं वाऱ्यावर जातं. त्यातही द्राक्षात गोडी नसेल तर माल हलका भरतो, म्हणून आबा घड उतरवायच्या आधी मण्याचा थेंब काचेवर टाकून ब्रिक्स बघतात. माझ्या प्रोफाइलवर थेंब टाकला तर काच कोरडीच राहिली असती. ‘समन्वय’ तर कारखान्याचा वॉचमनही करतो, माझ्यापेक्षा बरा करतो.

“तू केलंस काय, त्ये सांग की,” आबा म्हणाले.

आणि मला काही आठवेना. बावीस वर्षं रोज काहीतरी केलं होतं एवढं नक्की, कारण रोज दमून घरी जात होतो. कंपनीचा लॅपटॉप कंपनीने ठेवून घेतला, त्यात सगळ्या मेल गेल्या. सुदैवाने मी जुन्या वळणाचा माणूस, खिशात डायरी ठेवणारा. आईने माळ्यावरची ट्रंक काढून दिली. वर तिच्या पैठणीचा फाटका पदर, मग माझी दहावीची गुणपत्रिका (आईने ती लगेच बाजूला ठेवली, लिंक्डइनवर घालायला), आणि तळाशी अकरा डायऱ्या.

तीन दिवस वाचत बसलो. बहुतेक पानांवर ‘पंप बंद’, ‘कॉइल आली नाही’, ‘साहेब चिडले’. एका पानावर सुरक्षा सप्ताहातल्या घोषणा-स्पर्धेत मिळालेला दुसरा क्रमांक. मेहुणा म्हणाला, हे नको. मग 2011ची डायरी उघडली आणि त्यात पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं: ‘डाय बदल – 1 तास 50 मि. यात प्रेस नुसती उभी.’

मग भराभर आठवायला लागलं. एका मोठ्या प्रेसवर एक भाग संपला की त्याची डाय उतरवून दुसरी चढवायची. मी आणि आमचा सेटर, दोघे घड्याळ घेऊन बाजूला उभे राहिलो होतो. एकशे दहा मिनिटांतली पंचवीस फोर्कलिफ्टची वाट बघण्यात जात होती. अठरा मिनिटं बोल्ट आणि पाने शोधण्यात. प्रत्येक डायची उंची वेगळी, म्हणून दरवेळी प्रेसची शट हाइट नव्याने जुळवायची आणि क्लँपला वेगळ्या लांबीचे बोल्ट हुडकायचे. शेवटी पहिला नग तपासायला क्वालिटीच्या खोलीत न्यायचा, तिथल्या माणसाचा चहा होईपर्यंत थांबायचं, ही वीस मिनिटं. स्पॅनर प्रत्यक्ष फिरत होता तो वेळ अर्ध्याहून कमी.

उपाय काही थोर नव्हता. जे काम प्रेस चालू असताना उरकता येतं, ते प्रेस बंद करून करायचं नाही. पुढची डाय आधीच आणून प्रेसच्या टेबलाएवढ्या उंचीच्या ट्रॉलीवर तयार ठेवायची. डायखाली प्लेटी लावून सगळ्यांची उंची एक केली, म्हणजे बोल्टही एकाच लांबीचे झाले. तपासणीचा गेज प्रेसपाशीच टांगला. दोन महिन्यांनंतरची नोंद: 42 मिनिटं.

मेहुणा उसळला. “दाजी, ह्याला एसएमईडी म्हणतात! शिंगो नावाच्या जपान्याची पद्धत. टाका नाव!” मीही हुरळलो. पण त्या नावातला ‘सिंगल मिनिट’ म्हणजे एक आकडी मिनिटं, दहाच्या आत. आमची बेचाळीस. मुलाखतीला समोर जाणकार बसला तर पहिल्याच प्रश्नाला घाम फुटायचा. नाव खोडलं.

मग गुणाकार. दिवसाला दोन बदल, सव्वीस दिवस, असं धरलं तर महिन्याला जवळजवळ एकोणसाठ तास वाचतात. आकडा गोड होता. पण डायरीतल्या खुणा मोजल्या तेव्हा तीन महिन्यांत 134 बदल निघाले, म्हणजे महिन्याला पंचेचाळीसच्या आसपास. अडुसष्ट मिनिटांनी गुणलं तर पन्नास तास. नऊ तास पाणी होतं, ते उडालं.

खात्री करावी म्हणून त्या सेटरला फोन लावला. पठ्ठ्या आता दुसरीकडे सुपरवायझर आहे. त्याला ट्रॉलीच्या चाकांचं मापसुद्धा आठवत होतं. “पण सायब,” तो म्हणाला, “ट्रॉली माझी हुती. तुमी तर क्रेन मागत हुता.”

डायरीत बघितलं. खरंच, त्याच आठवड्यात ‘क्रेनचे कोटेशन मागवणे’ असं लिहिलेलं होतं, दोनदा अधोरेखित. ही माझी कामगिरी मी तेरा-चौदा वर्षं विसरलो होतो, आणि आठवली तेव्हा निम्मी दुसऱ्याची निघाली.

शेवटी मजकूर असा झाला: ‘सेटरसोबत वेळ मोजून प्रेसचा डाय बदल 110 मिनिटांवरून 42 वर आणला, महिन्याला सुमारे 50 मशीन-तास मोकळे.’ गिऱ्हाइकाचं नाव आणि भागाचे क्रमांक गाळले, ती मालकाची गोष्ट. अकरा डायऱ्यांतून अशा चारच ओळी निघाल्या. मथळ्याला 220 अक्षरांची मुभा असते, मी पन्नाशीतच आटपलो: ‘प्रेस शॉप. डाय बदल आणि नियोजन. बंद मशीनचा वेळ शोधतो.’ आबांना वाचून दाखवलं. “आता वाळलंय,” म्हणाले आणि वळून शेडकडे गेले.

नवव्या दिवशी रांजणगावहून फोन आला. बाई मनुष्यबळ खात्याच्या, पण शेजारी कुणीतरी कारखान्यातला माणूस बसलेला असावा, कारण प्रश्न थेट ट्रॉलीवर आला. मी चाकांपासून गेजपर्यंत सगळं सांगितलं, क्रेनचंही सांगून टाकलं. पलीकडे कुणीतरी हसलं. मग तोच माणूस फोनवर आला.

“तुम्ही तासगावचे ना? बेदाणा काय भावाने मिळेल हो सध्या? दहा किलो हवा होता घरी.”

मी फोन आबांकडे दिला.

“फोनवर भाव न्हाई सांगत,” आबा म्हणाले, “माल बघायला या.”