अति म्हणजे किती

मधुमेह झाल्यापासून आमच्या शेजारच्या नानांच्या घरी मिठाई जास्त येऊ लागली आहे. पूर्वी ते बर्फीचा एखादा तुकडा वहिनींची नजर चुकवून तोंडात टाकायचे आणि मग दिवसभर शहाण्यासारखे वागायचे. आता डब्यावर ठळक सोनेरी अक्षरांत ‘शुगर-फ्री’ लिहिलेलं असतं, त्यामुळे नजर चुकवायचं कारणच उरलेलं नाही. वहिनी स्वतः डबा पुढे करतात.

त्याच डब्याच्या बुडाशी, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत, आणखी एक इंग्रजी वाक्य असतं. पॉलिऑल्समुळे जुलाब होऊ शकतात, एवढाच त्याचा अर्थ. नानांच्या मते अशी वाक्यं कंपनीच्या वकिलांसाठी छापलेली असतात.

मुळात हा पदार्थ बर्फीत येतो कशाला? बर्फीतली साखर फक्त गोडी देत नाही, ती वजनही देते. पाव किलो साखरेची गोडी आणायला सुक्रालोज अर्धा ग्रॅमसुद्धा लागत नाही, कारण ते साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असतं. पण मग त्या पाव किलोची जागा भरायची कशानं? चिमटीभर पावडर घालून वडी थापता येत नाही. तिथे सॉर्बिटॉल आणि माल्टिटॉल हे पॉलिऑल्स कामाला येतात. गोडीला साखरेपेक्षा थोडे कमी, पण अंगानं तिच्यासारखेच भरीव. शिवाय सॉर्बिटॉल ओलावा धरून ठेवतं, म्हणून वडी मऊ राहते. मक्याच्या स्टार्चपासून ग्लुकोज काढायचं आणि त्याला हायड्रोजन जोडायचा की झालं सॉर्बिटॉल. रसायनशास्त्रात यांची गणना अल्कोहोलांत होते, पण माळकऱ्यानंही खुशाल खावं, नशा वगैरे काही नाही.

निसर्गाला हे नवीन नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ बूसँगो यांना १८७२ साली सॉर्बिटॉल सापडलं ते रोवन नावाच्या झाडाच्या फळांत. नासपती आणि सफरचंदातही ते असतं. सुकवलेल्या प्लमला, म्हणजे प्रूनला, पोट साफ करणारं फळ म्हणून जी ख्याती आहे त्यात सॉर्बिटॉलचा मोठा वाटा आहे. १०० ग्रॅम प्रूनमध्ये ते साधारण १५ ग्रॅम भरतं. म्हणजे एकच पदार्थ औषध म्हणून मुद्दाम घेतला जातो आणि बर्फीत आला की त्याच्याबद्दल इशारा छापावा लागतो!

ग्लुकोजला लहान आतड्याच्या भिंतीतून आत नेणारे खास वाहक असतात. सॉर्बिटॉलसाठी तशी सोय नाही. ते हळूहळू, जमेल तेवढं झिरपतं आणि बाकीचं आतड्यात तसंच पुढे सरकतं. आता आतड्यातला द्रव रक्तापेक्षा फार दाट झालेला शरीराला चालत नाही. आत विरघळलेला पदार्थ शिल्लक राहिला की तो आपल्यासोबत पाणी धरून ठेवतो आणि कमी पडलं तर शरीरातून ओढून घेतो. हिशेब केला तर न शोषलेलं १० ग्रॅम सॉर्बिटॉल सुमारे १९० मिलिलिटर पाणी धरतं, जवळपास एक पेला. ५० ग्रॅम तसंच राहिलं तर लिटरभर.

मोठ्या आतड्यातले जिवाणू या पाहुण्याचं स्वागत करतात. ते सॉर्बिटॉल खातात, त्याची आम्लं बनवतात, आणि ती आम्लं शरीर शोषून घेतं, सोबत पाणीही परत घेतं. थोड्या मात्रेचा निकाल असा आतल्या आत लागतो, फक्त वायू होतो, पोट गुडगुडतं. मात्रा जिवाणूंच्या आवाक्याबाहेर गेली की मात्र धावाधाव.

माल्टिटॉल त्या मानानं सौम्य. त्याचा रेणू जवळपास दुप्पट वजनाचा, त्यामुळे तेवढ्याच ग्रॅममध्ये रेणू निम्मे आणि ते धरून ठेवतात ते पाणीही निम्मं. वर आतड्यातली पाचकं त्यातल्या काही भागाचे ग्लुकोज आणि सॉर्बिटॉल असे तुकडे करतात. त्यातलं ग्लुकोज थेट रक्तात जातं. नानांना ही बातमी आवडली नाही. साखरेइतकी नाही, तरी रक्तातली साखर वाढतेच. उष्मांकही शून्य नाहीत. युरोपात या पदार्थांचे ग्रॅमला २.४ कॅलरी धरतात, साखरेच्या ४.

भाऊबीजेचा प्रसंग घ्या. डब्यावर लिहिलं होतं, १०० ग्रॅममध्ये पॉलिऑल्स ३५ ग्रॅम. एक वडी २५ ग्रॅमची, म्हणजे वडीमागे जवळपास ९ ग्रॅम. एरवी जेवणानंतरच्या दोन वड्या नानांना कधी बाधल्या नव्हत्या. त्या संध्याकाळी क्रिकेटची मॅच होती आणि डबा मांडीवर. सहा वड्या, ५० ग्रॅमच्या वर. रात्री अकरानंतरची हकीकत वहिनींनी एका वाक्यात सांगितली, ती इथे छापण्याजोगी नाही. सकाळी नानांनी चिवड्याच्या तेलावर ठपका ठेवला. पण चिवडा घरात सगळ्यांनी खाल्ला होता, वड्या एकट्या नानांनी. शिवाय वड्या बंद होताच दुसऱ्या दिवशी पोट ठिकाणावर आलं. पॉलिऑलची हीच खूण: ताप नाही, रक्त नाही आणि खाणं थांबलं की त्रासही थांबतो.

ही खूण डॉक्टरांच्याही नजरेतून निसटते. २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बर्लिनच्या डॉक्टरांनी दोन रुग्णांची कहाणी छापली. २१ वर्षांच्या एका तरुणीला आठ महिने जुलाब होत होते, वजन ११ किलोंनी उतरलं होतं, तपासण्यांत काही हाती लागत नव्हतं. शेवटी खाण्यापिण्याची बारीक चौकशी केली तेव्हा कळलं की ती दिवसभर शुगर-फ्री च्युइंगम चघळते. एका कांडीत सॉर्बिटॉल जेमतेम सव्वा ग्रॅम, पण दिवसाचं १८ ते २० ग्रॅम पोटात जात होतं. च्युइंगम सुटलं, जुलाब थांबले, वजन वाढू लागलं. च्युइंगमला कुणी खाणं समजत नाही, म्हणून डॉक्टरांना सांगायचंही सुचत नाही. खोकल्याच्या शुगर-फ्री औषधाचंही तसंच. त्यातही बरेचदा सॉर्बिटॉल असतं.

मग इशारा कधी छापायचा? अमेरिकेच्या नियमात दिवसाला ५० ग्रॅम सॉर्बिटॉल पोटात जाण्याचा संभव असेल तर, मॅनिटॉलला २० ग्रॅमच. भारतात पदार्थात पॉलिऑल्स १० टक्के किंवा जास्त असले की छापायचा. युरोपचा नियमही १० टक्क्यांच्या वरचाच. अमेरिकेचा हिशेब निदान खाणाऱ्याच्या दिवसाचा आहे. आपला इशारा डब्यातलं प्रमाण बघतो. खाणाऱ्याच्या हातातल्या सहाव्या वडीची त्याला कल्पना नसते. एकाचं पोट १० ग्रॅमला कुरकुरतं, दुसरा चौपट पचवतो. रिकाम्या पोटी एकदम खाल्लं तर सोसत नाही, जेवणात वाटून खाल्लं तर तेवढंच निभतं. एवढं सगळं एका ओळीत मावणार कसं?

वहिनींनी आता डब्याच्या झाकणावर मार्करनं लिहून ठेवलं आहे, ‘२ × ९ = १८’. नानांनी विचारलं, आज एकच खाल्ली तर उरलेले ९ ग्रॅम उद्याच्या खात्यात जमा होतील का? वहिनींनी डबा उचलून फळीवर ठेवला.