उजव्या बरगडीखालचे दप्तर

माझ्या पचनशक्तीचा लौकिक आमच्या आप्तवर्गात तीन पिढ्या पुरेल इतका होता, आणि तो लौकिक मी स्वतःच पसरविला असल्यामुळे त्याच्या सत्यतेविषयी माझ्या मनात कधी शंका आली नाही. पंगतीत वाढप्याने तुपाची तपेली घेऊन यावे आणि मी केवळ भिवई उंचावावी, एवढ्यावर आमचा व्यवहार उरके. समवयस्क मंडळी जेवणानंतर खिशातून गोळ्यांच्या पुड्या काढू लागली म्हणजे त्यांच्याकडे जी करुणापूर्ण नजर मी टाकीत असे, ती नजर आरशात पाहावयास मिळाली असती तर मी माझ्यावरच लुब्ध झालो असतो.

यंदाच्या होळीला पुरणपोळ्या झाल्या. किती खाल्ल्या ते सांगत नाही. हिने मोजल्या आहेत आणि योग्य प्रसंगी ती तो आकडा सादर करीत असते. प्रत्येक पोळी तुपात बुडाली पाहिजे, हा माझा दंडक होता. रात्री अकराच्या सुमारास छातीच्या हाडाच्या अगदी खाली, जेथे बरगड्यांची कमान मिळते तेथे, काहीतरी दडपल्यासारखे वाटू लागले. अर्ध्या तासात त्या दडपणाची वेदना झाली, ती उजवीकडे सरकली आणि पाठीमागून उजव्या खांद्याच्या फऱ्यात जाऊन रुतली. कळ म्हणजे येते आणि जाते अशी माझी समजूत. ही मात्र चढली आणि तशीच ठाण मांडून बसली. ओवा चावला, सोडा प्यालो, ढेकर काढले, शौचास जाऊन आलो, कुशी पालटल्या. तिने यांपैकी एकाही उपायाची दखल घेतली नाही. मळमळून दोनदा वांती झाली. दोन-अडीचला वेदना आपणहून ओसरली आणि सकाळी मी इतका ठणठणीत होतो की ‘वात धरला होता’ असा निकाल देऊन मी प्रकरण दप्तरदाखल केले. पुढे एका मुंजीत भजी आणि बासुंदी यांचा योग जुळून आला, आणि प्रकरण पुन्हा उघडले.

आमचे डॉक्टर वयाने माझ्या धाकट्या मुलाएवढे. त्यांनी प्रथम हृदयाचा आलेख काढला, याचे मला किंचित वाईट वाटले, कारण मी त्यांच्याकडे पोटाची तक्रार घेऊन गेलो होतो. परंतु पोटाच्या वरच्या भागातील दुखणे आणि हृदयविकार या उमरीत एकमेकांचे सोंग बेमालूम घेतात, आणि आधी ती शंका फेडावी लागते, असे त्यांचे म्हणणे. मग मला उताणे निजवून उजव्या बरगडीखाली त्यांनी बोटे रोवली आणि म्हणाले, “काका, आता दीर्घ श्वास घ्या.” मी घेऊ लागलो आणि निम्म्यावर माझा श्वास जागच्या जागी अडला. डॉक्टरांनी मान डोलावली. अडलेला श्वास हा पित्ताशयाला सूज आल्याचा पुरावा समजतात, हे मला मागाहून कळले. त्या क्षणी मात्र माझ्या सोशिकपणाला त्यांनी दाद दिली असावी असे मला वाटले होते.

त्यांनी त्याच दिवशी दुपारी सोनोग्राफी करविली. सकाळपासून पोटात अन्न नव्हते ते बरेच झाले, कारण उपाशीपोटी पित्ताशय भरलेले राहते आणि नीट दिसते. पडद्यावर काळ्या पोकळीत काही पांढरे कण चमकत होते आणि प्रत्येकाच्या मागे सावलीचा पट्टा पडला होता. मला डाव्या कुशीवर वळविताच ते कण घरंगळून दुसऱ्या बाजूस गेले. खडा जागा बदलतो, भिंतीला चिकटलेली गाठ बदलत नाही, म्हणून हे वळविणे. सुदैवाने पित्ताशयाची भिंत फारशी सुजलेली नव्हती आणि मुख्य नळीही फुगलेली नव्हती.

माझी उभी हयात महसूल खात्यात गेली असल्यामुळे या सर्व कारभाराचा अर्थ मला कचेरीच्या परिभाषेतच उमगला. यकृत दिवसभर पित्त तयार करीत असते. त्यातले काही उजव्या बरगडीखालच्या एका लहानशा पिशवीत जमा होते, तेथे पाणी शोषले जाऊन दाट होते, आणि मागणीची वाट पाहत पडून राहते. आपण खाल्लेला स्निग्धांश जठरातून लहान आतड्याच्या आरंभी पोचला की आतड्याच्या अस्तरातून एक संप्रेरक रक्तात सुटते; हा झाला हुकूम. हुकूम मिळताच पिशवी आकुंचन पावते आणि साठा रवाना करते. परंतु पित्तात कोलेस्टेरॉल विरघळण्यापलीकडे झाले आणि पिशवी वेळच्या वेळी रिकामी झाली नाही तर त्याचे बारीक स्फटिक धरतात, त्यांचे वर्षानुवर्षांत खडे होतात, आणि एखाद्या तुपाळ रात्री हुकूम सुटतो तेव्हा एक खडा नेमका दाराशी येऊन अडतो. आत पिशवी पिळवटत असते, बाहेर वाट नसते. खडा मागे सरला की वेदना निवते. म्हणून सकाळी माणूस ठणठणीत होतो, आणि म्हणूनच तो मूर्खासारखा पुन्हा पंगतीला बसतो.

आता तुपाचा विषय निघालाच आहे तर वाचकांनी थोडी सवलत द्यावी. जे तुम्ही हल्ली डब्यातून चमच्याने खरवडून काढता त्याविषयी मी बोलत नाही. आमच्या घरी साय आठवडाभर विरजणात साठे. चौथऱ्यावर बसून आई ती रवीने घुसळी. लोणी वर आले की थंड पाण्यात दोनतीनदा धुऊन ताकाचा आंबटपणा काढून टाकी. मग जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ते चढे. प्रथम कढाचा मोठा कोलाहल होई, तो हळूहळू मावळून बारीक तडतड उरे, आणि ती तडतड थांबण्याच्या बेतात आली की आई कान पातेल्याकडे करून बसे. डोळ्यांपेक्षा तिचा कानावर अधिक भरवसा होता. बुडाशी बेरी बदामी झाली की एक विड्याचे पान आत पडे, ते चुरचुरून आकसे, आणि पातेले खाली उतरे. तूप गाळून घेतल्यावर उरलेल्या बेरीत साखर घालून आम्हा भावंडांत वाटणी होई. त्या वाटणीत जो न्याय मिळाला तसा पुढे मला कोणत्याही तहसिलीत पाहावयास मिळाला नाही. दाणेदार रवाळ तुपाची धार वाफाळत्या वरणभातावर पडताना जो सुगंध उठे त्याच्या तुलनेत पोटातील चार खडे म्हणजे क्षुल्लक बाब आहे, असे मी डॉक्टरांपुढे प्रतिपादन केले. डॉक्टर म्हणाले, “चमचा कुठला वापरता?”

आई हे सारे करून कधीकधी रात्री माजघरात भिंतीला टेकून बसलेली असे. पदराखाली उजव्या कुशीशी गरम मिठाची पुरचुंडी धरलेली, कपाळाला घाम, आणि मला जाग आली तर “नीज रे, वायगोळा आहे” एवढेच. घरात वडीलधाऱ्यांनी वायगोळा ठरविला होता, आणि ठरलेल्या निदानावर अपील नसे. तिची सहा बाळंतपणे झाली होती. पित्ताचे खडे पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतात आणि प्रत्येक गर्भारपणागणिक त्यांचा संभव वाढतो, हे सांगायला तेव्हा कोणी नव्हते, आणि विचारायलाही कोणाला सवड नव्हती. तिचे दुखणे हेच होते असे छातीठोकपणे मी म्हणू शकत नाही. मात्र पहाटे चारला ती पुन्हा चुलीशी असे, आणि सकाळी आम्ही तिच्या हातच्या बेरीसाठी भांडत असू. याचा मला आज राग येतो, आणि तो कोणावर काढावा हे उमगत नाही.

असो. आहाराविषयी मी डॉक्टरांना बाणेदारपणे सांगितले की आजपासून तूप, तेल, सारे वर्ज्य; प्रसंगी निराहार राहीन. त्यांनी दोन्ही दरखास्ती फेटाळल्या. उपास केला तर पिशवी रिकामी होण्याचे निमित्तच राहत नाही, पित्त साचून अधिक घट्ट होते, आणि वजन झपाट्याने उतरविले तर नवे खडे धरतात. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ. तेव्हा वेळेवर जेवा, तळलेले, बासुंदी, साय, मटणाचा तवंग आणि लोण्याचे पदार्थ टाळा, आणि भातावर तूप घ्यायचेच तर चहाचा अर्धा चमचा. भाकरी, भाजी, डाळ, फळे यांना मुभा. साबुदाण्याचे वडे हा उपासाचा पदार्थ असल्यामुळे तळलेल्यात येत नाहीत ना, असे मी विचारले. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण त्यांना पाठ होती. शिवाय, या पथ्याने खडे विरघळत नाहीत, केवळ शस्त्रक्रियेपर्यंत दारावरची गर्दी कमी होते, हेही त्यांनी स्पष्ट केले. ज्याला खडे आहेत पण कधी दुखले नाही त्याला बहुधा काही करावे लागत नाही. एकदा दुखू लागले की मात्र पुन्हा दुखण्याचा संभव मोठा, म्हणून पित्ताशय काढून टाकणे बरे.

शेजारच्या अण्णांचा तोडगा निराळा होता: रात्री वाटीभर ऑलिव्हचे तेल आणि लिंबाचा रस, सकाळी हिरवे खडे पडलेले प्रत्यक्ष दिसतात. डॉक्टर म्हणाले, ते गोळे त्या तेलाचेच पोटात साबणासारखे बनलेले असतात. आणि वाटीभर तेल म्हणजे अडलेल्या दारावर आतून मारलेला धक्का. अण्णा तेव्हापासून माझ्याशी तुटक वागतात.

धोक्याच्या खुणा डॉक्टरांनी मला न सांगता हिला सांगितल्या, यात माझा जो अवमान झाला तो मी गिळला. हिने त्या कागदावर उतरवून कपाटाच्या दाराला आतून चिकटविल्या आहेत. वेदना पाच-सहा तासांत ओसरली नाही, किंवा हुडहुडी भरून ताप आला, तर पित्ताशय पेटले किंवा नळीत जंतू शिरले असे समजून रात्रीही थांबायचे नाही. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, शौचाचा रंग पांढुरका झाला, तर खडा मुख्य नळीत उतरून पित्ताची वाट बंद झाली असे समजायचे. वेदना आरपार पाठीत गेली, ओकाऱ्या थांबेनात, आणि पुढे वाकून बसल्यावरच जरा बरे वाटू लागले, तर स्वादुपिंडाला झळ लागली असावी. आणि छातीत दडपण, दरदरून घाम, धाप असे काही असेल, किंवा मी असंबद्ध बडबडू लागलो, तर थेट १०८. या शेवटच्या खुणेवर मी हरकत घेतली की माझ्या बडबडीतला फरक तिला कसा कळणार. ती म्हणाली, “अहो, तुम्ही गप्प बसलात तर मी आधी बोलावीन.”

शस्त्रक्रियेची तारीख ठरली आहे. दुर्बिणीतून चार लहान छिद्रे, आणि सारे सरळ पार पडले तर एक-दोन दिवसांत घरी. पित्ताशयाविना पित्त यकृतातून थेट आतड्यात झिरपत राहते आणि माणसाचे फारसे अडत नाही, हे ऐकून मला दिलासा वाटला. खरी टोचणी निराळीच होती. अहवालात ‘अनेक लहान खडे’ असे लिहिले होते, आणि अण्णांच्या मेहुण्याचा एकच खडा सुपारीएवढा निघाला होता, असे अण्णांनी तो अहवाल वाचून मुद्दाम सांगितले. मी ती खंत डॉक्टरांच्या कानी घातली. ते म्हणाले, “काका, मोठा खडा पिशवीतच अडकून बसतो. नळीत घसरून कावीळ करतात, स्वादुपिंडाला आग लावतात, ते हे बारीकच. तुमचेच जास्त वाईट आहेत.”

मी घरी येताना अण्णांच्या दारावरून मुद्दाम सावकाश चालत आलो, आणि ते ओसरीवर दिसताच अहवाल उघडून उभा राहिलो.